पिवळी, पांढरी, लाल : आधी टीव्हीची पाठ बघा

जुना गेम नव्या टीव्हीला जोडायचा म्हटलं की आपण थेट बुधवार पेठेत तापकीर गल्ली गाठतो आणि ‘कन्व्हर्टर द्या’ म्हणतो. माझं स्पष्ट मत आहे की पाकिटात हात घालण्याआधी टीव्हीची पाठ बघावी. पुष्कळदा कन्व्हर्टर लागतच नाही.

तीन वायरींचं काम सोपं आहे. पिवळीतून चित्र जातं, पांढरीतून डावा आवाज आणि लालमधून उजवा. नव्या टीव्हीवर हे तीन रंग दिसत नाहीत, पण ‘एव्ही इन’ लिहिलेलं हेडफोनसारखं एकच गोल छिद्र अनेकदा असतं. त्यासाठी एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत सॉकेट असलेली छोटी वायर मिळते.

माझ्या भाच्याच्या प्लेस्टेशन २ ला आम्ही तीच लावली. पडदा काळा आणि स्पीकरमधून नुसती घरघर. भाचा म्हणाला, “मामू, गेमच खराब आहे.” खरं तर ही घरघर म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेल्याची खूण. त्या पिनवर चार धातूचे भाग असतात आणि कुठला भाग कशासाठी, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. म्हणून कन्सोलची पिवळी पिन लाल सॉकेटमध्ये आणि लाल पिन पिवळ्यात लावून पाहिली. चित्र आलं! अशी अदलाबदल करूनही चित्र आलं नाही, तर अर्थिंगचा भागच वेगळ्या जागी असू शकतो. मग त्या टीव्हीच्या कंपनीचीच वायर घ्यावी.

छिद्रच नसेल, तर मात्र कन्व्हर्टर हवा. इथे खरी फसगत होते. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या दोन डब्या दिसायला जुळ्या बहिणी, पण काम अगदी उलटं. आपल्याला पहिली हवी. रंगीत सॉकेटांशेजारी ‘इनपुट’ लिहिलंय का, ते दुकानातच वाचा. एका दुकानदाराने आमच्या शेजाऱ्यांना दुसरी दिली आणि वर ‘सगळं चालतं’ असंही सांगितलं. उलटी डबी कितीही वेळ लावून ठेवा, चित्र येणार नाही. ‘कुठून कुठे जोडायचंय?’ एवढं विचारणं विकणाऱ्याचं कामच आहे.

योग्य डबीही चित्र सुधारत नाही, फक्त टीव्हीला समजेल असं करते. मूळ धूसरपणा मोठ्या पडद्यावर आणखी दिसतो. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. उशीर बराचसा टीव्हीतच होत असतो, त्यासाठी महागडी वायर घेण्यात अर्थ नाही.