अभ्यासाचा तास : रंकाळ्यावरची चाचणी

आज तरंगांवर छोटी चाचणी. गुण 10, वेळ 20 मिनिटे. उत्तरांचा भाग कागदाने झाका. आई-वडिलांपैकी कुणी घड्याळ लावून बसले तर उत्तमच.

प्रश्न 1. वारा पडलेला आहे. रंकाळ्यात काठापासून थोडे आत एक वाळलेले पान तरंगते आहे. त्याच्या पलीकडे तुम्ही दगड टाकलात. लाटा पानाखालून काठाला आल्या. पानही त्यांच्याबरोबर येईल का? कारण लिहा. (3 गुण)

प्रश्न 2. संध्याकाळी वाऱ्याने एकसारख्या लाटा येत आहेत. दोरीने एका जागी बांधलेले बूच 10 सेकंदांत 20 वेळा वर-खाली होते. पहिल्या उंचवट्यापासून सहाव्या उंचवट्यापर्यंतचे अंतर 2 मीटर आहे. वारंवारता, तरंगलांबी आणि वेग काढा. (4 गुण)

प्रश्न 3. आकाशवाणी कोल्हापूर 102.7 मेगाहर्ट्झवर ऐकू येते. रेडिओ तरंगाचा वेग सेकंदाला 30 कोटी मीटर धरून तरंगलांबी काढा. हा तरंग म्हणजे ध्वनी आहे का? (3 गुण)

उत्तरे

1. नाही. पान जागच्या जागी डुलेल, फार तर किंचित सरकेल. लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण लहानसा फेरा घेऊन जवळजवळ मूळ जागी येतो. पुढे जाते ती ऊर्जा. "नाही" एवढेच लिहिले असेल तर 1 गुण. वाऱ्यात पान काठाला लागलेले पुष्कळांनी पाहिले असेल, पण ते काम मुख्यतः वाऱ्याचे.

2. वारंवारता 20 ÷ 10 = 2 हर्ट्झ. खरी फसगत पुढे आहे. सहा उंचवटे म्हणून हुशार मुलेही 2 ला 6 ने भागतात, आणि तरंगलांबी 0.33 मीटर येते. ती चूक. हाताची पाच बोटे पसरा, मधल्या फटी चारच असतात. तसेच सहा उंचवट्यांमध्ये तरंग पाचच. म्हणून तरंगलांबी 2 ÷ 5 = 0.4 मीटर.

वेग = वारंवारता × तरंगलांबी = 2 × 0.4 = सेकंदाला 0.8 मीटर.

स्वतः रंकाळ्यावर मोजायला गेलात तर हीच चूक घड्याळातही होते. बूच वर असताना घड्याळ सुरू करा आणि त्या क्षणी "एक" नव्हे, "शून्य" म्हणा. नाही तर 19 हेलकाव्यांचे 20 होतात.

3. 102.7 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 10 कोटी 27 लाख कंपने. 30 कोटींना त्याने भागले की सुमारे 2.92 मीटर. मेगाचे दहा लाख करायला विसरलात तर उत्तर 29 लाख मीटरच्या वर जाईल, तेव्हाच शंका यायला हवी.

आणि हा तरंग ध्वनी नव्हे. त्याला हवेची गरज नाही. ध्वनी जन्मतो तो तुमच्या घरात, रेडिओच्या कर्ण्याचा पडदा थरथरतो तेव्हा. तिथून कानापर्यंत तो हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने येतो.

एकक लिहिले नसेल तर प्रत्येक ठिकाणी अर्धा गुण कापा.