दादरचा पूल आणि क्रमांकांचे कोडे

देवळ्याला रेल्वे नाही. तालुक्यातील प्रवासी एसटीने मनमाड गाठतो, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईकडे निघतो आणि बोरिवली वा विरारला जायचे असेल तर दादरला उतरून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जातो. प्रवासाचा सर्वांत कठीण टप्पा येथेच सुरू होतो. हातात जड पिशवी असते, पुढची गाडी सुटण्यात असते आणि नेमका कोणता पूल धरायचा हे ठाऊक नसते.

या गोंधळाचे एक कारण अनेक वर्षे क्रमांकांत दडलेले होते. दोन्ही रेल्वेंचे फलाट एकापासूनच मोजले जात, त्यामुळे दादरला 'फलाट क्रमांक ३' दोन होते. ९ डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले. मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. मध्य रेल्वेचा जुना क्रमांक १ आता ८ आहे. जुना २ क्रमांकाचा फलाट त्याआधीच बंद झाल्याने जुना ३ हा ९ झाला. जुन्या आठवणीवर विसंबणारा चुकतो. नव्या क्रमांकांत मात्र दिशाच सांगितलेली आहे. आठच्या पुढच्या फलाटावर उतरलेल्याने पश्चिम रेल्वेसाठी क्रमांक उतरत जाणाऱ्या बाजूला चालावे.

दुसरा प्रश्न अंतराचा. एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो. पुलाच्या जिन्यापासून दहा डबे दूर उतरल्यास सुमारे २३५ मीटर चालावे लागते. ओझे घेऊन, गर्दीतून, सेकंदाला एक मीटर या वेगाने यातच चार मिनिटे जातात. त्यात जिना चढणे, पूल ओलांडणे व उतरणे धरले तर दहा मिनिटांहून कमी अवधीची जोडगाडी भरवशाची नव्हे. आरक्षित डबा बदलता येत नसला, तरी तो जिन्यापासून किती दूर थांबतो हे एकदा पाहून ठेवले की पुढच्या वेळी अंदाज पक्का होतो.

प्रत्येक पूल प्रत्येक फलाटावर उतरतोच असे नाही. म्हणून जिना चढण्याआधी फलकावरील क्रमांक वाचावेत आणि आपली लोकल कोणत्या फलाटावर आहे, हे इंडिकेटरवर पुलावरच पाहून मग खाली उतरावे. चुकीच्या फलाटावर उतरणे म्हणजे तोच जिना पुन्हा चढणे.

घाईत रूळ ओलांडण्याचा मोह जीवघेणा आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु पूलही आपोआप सुरक्षित ठरत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड येथील अरुंद पुलाच्या जिन्यावर पावसात झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. वर चढणारे व खाली उतरणारे जिन्यात समोरासमोर अडकले असतील, तर ओझे घेऊन त्यात शिरण्यापेक्षा एक लोकल सोडलेली बरी. पश्चिम रेल्वेवर पुढची लोकल काही मिनिटांतच येते.