गल्ला म्हणे!

परवा मावशीने फोन माझ्यापुढे धरला. "अगं, गल्ल्यात शंभर साठले होते, मग आता कमी कसे दिसतायत?"

पैसे देण्याच्या तिच्या ॲपमध्ये 'गल्ला' नावाची सोय आहे. 47 रुपयांची भाजी घेतली की 50 कापायचे, वरचे 3 गल्ल्यात. प्रत्यक्षात त्या पैशांचं डिजिटल सोनं घेतलं जातं. खरेदीवर 3 टक्के जीएसटी, म्हणजे शंभरातलं सोनं जेमतेम 97 रुपयांचं. शिवाय विकायचा भाव खरेदीच्या भावापेक्षा कमी. आणि सोनं उतरलं तर आणखी घट.

मातीच्या गल्ल्यात शंभर टाकले तर फोडल्यावर शंभरच निघतात. मग हे नाव खोटंच नाही का? डिजिटल सोनं आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला होता. 'गल्ला' वाचून ही जोखीम कुणाच्या मनात येईल?

म्हणतील, बटणावर लांब नाव मावत नाही. मग 'सोनेखरेदी' लिहा ना! एकच शब्द आहे. मावशीला लगेच कळला असता, आणि तिने भाव विचारला असता.

'सोनं' म्हटल्यावर लोक बिचकतील? बिचकू द्या की!