रंगाआधी चोच पाहावी

रेवस बंदराच्या चिखलावर टिपलेले एक छायाचित्र वर्गात आले. त्यात दोन पक्षी शेजारी उभे होते. एक शुभ्र, दुसरा काळसर करडा. विद्यार्थ्यांनी खाली लिहिले, 'लहान बगळा व दुसरा कोणी निराळा पक्षी.' आमच्या मते ही चूक रंगाला पहिला मान दिल्याने झाली.

दोघांची उंची सारखीच भरत होती. परंतु लहान बगळा व समुद्र बगळा हे आकाराने जवळजवळ सारखेच असतात, म्हणून तेवढ्यावरून निर्णय होत नाही. मग आम्ही चोचीकडे पाहिले. लहान बगळ्याची चोच सडपातळ, सरळ व काळी असते. येथे दोन्ही चोची जाडसर, पिवळट तपकिरी व टोकाकडे किंचित खाली वाकलेल्या होत्या. तेव्हा दोघेही समुद्र बगळेच! या एकाच जातीत शुभ्र व करडे असे दोन्ही वर्णांचे पक्षी असतात. करड्याचा पांढरा गळाही तीच साक्ष देतो. खाडीचा चिखल व तिवरे या निर्णयास पोषक खरी. पण लहान बगळाही तेथे चरतो, म्हणून स्थळ ही दुय्यम साक्ष होय.

पक्षी समोरून टिपला असता चोचीचा आकार कळत नाही, आणि छायेत तिचा रंगही फसवितो. अशा वेळी चित्राखाली 'बगळा. जात अनिश्चित' एवढेच लिहावे. अंदाजाने दिलेले नाव पुढील वाचकास खरे वाटते, हाच त्यातील मोठा दोष होय.