ट्रक भरून गंधक : भाडे वाचते, पण केव्हा?



गंधक आणि कॉस्टिक सोडा हा माल आपण नागपूरला धंतोलीतल्या एका पेढीकडून घेतो असे धरू. पेढीवाले दरवेळी एकच सांगतात, "साहेब, दहा टनासाठी कशाला, ट्रकच भरून न्या ना, भाडं परवडतं." भाडे परवडते हे खरेच आहे. पण माल कारखान्यात आल्यावर त्याचे पुढे काय होते, हे धंतोलीत बसून दिसत नाही. ते आपणच पाहायला हवे.

आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. सभासदांनी त्या जागी चालू दर घालून पाहावेत. रोज २,५०० टन उसाचे गाळप धरले, तर रस शुद्ध करायला रोज साधारण सव्वा टन गंधक जळते. १६ टनाच्या पूर्ण ट्रकला २०,००० रुपये भाडे, म्हणजे टनाला १,२५०. दहाच टन आणले तर टनाला १,८००, म्हणजे १८,००० रुपये. याचा अर्थ वरचे सहा टन अवघ्या दोन हजारांत येतात. तेच सहा टन पुढे दुसऱ्या भरलेल्या ट्रकमधून आणले असते तर ७,५०० रुपये पडले असते. निव्वळ बचत ५,५००.

आता दुसरी बाजू. गंधक टनाला २५,००० धरले तर त्या सहा टनांत दीड लाख रुपये अडकतात. त्यावर व्याज किती धरायचे? आमचे मत असे की वर्षाला १५ टक्के धरावे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते, आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागते. भांडारात पडलेला पैसा हा कुणाच्या तरी उसाच्या बिलाचाच पैसा असतो, मग त्याचा दर दुसरा कशाला लावायचा?

जानेवारीत, गाळप जोरात असताना, पहिले दहा टन आठ दिवसांत संपतात आणि वरचे सहा टन त्यानंतर पाच दिवसांत. म्हणजे ते सरासरी दहा-अकरा दिवस पडून राहिले. व्याज जेमतेम साडेसहाशे रुपये. इथं ट्रक भरून आणावाच, त्यात दुमत नको.

पण तोच ट्रक मार्चमध्ये आणला तर? हंगाम संपायला आठच दिवस उरलेत, दहा टन पुरे आहेत, तरी "भाडं परवडतं" म्हणून सोळा आणले. वरचे सहा टन नोव्हेंबरपर्यंत, आठ महिने, तसेच पडणार. व्याज पंधरा हजार. साडेपाच वाचवायला पंधरा गेले! शिवाय गंधक म्हणजे पेट घेणारा माल. पोती फाटून भुकटी सांडली की धोका वाढतो, राखण आणि विमा वेगळाच.

तिसरी गोष्ट ट्रकमधली उरलेली जागा दुसऱ्या मालाने भरण्याची. हंगामाच्या सुरुवातीला दहा टन गंधकावर सहा टन कॉस्टिक सोडा घेतला, असे समजा. बाष्पीभवनाची भांडी उकळून साफ करायला महिन्याला दीड टन लागतो असे धरले तर तो चार महिने पुरेल, आणि सरासरी दोन महिने पडून राहील. टनाला ४५,००० धरले तर व्याजच ६,७५० होते. साडेपाच हजारांची बचत तिथेच संपली. त्यात कॉस्टिकच्या पापड्या हवेतला ओलावा ओढतात. पिशवीची शिवण उसवली की आत ढेकूळ धरते, आणि मजूर ते पहारीने फोडायला लागला की डोळ्यांना, हातांना इजा. पिशवी दाबून पाहिली तरी समजते : सुटा माल हाताखाली सरकतो, धरलेला सरकत नाही. म्हणून जागा भरायचीच तर स्वस्त आणि रोज लागणाऱ्या मालाने, म्हणजे गंधकानेच भरावी. महाग आणि सावकाश खपणारा माल जागा भरायला घेऊ नये. कळीच्या चुन्याचे तर नावच काढू नका, तो हवेतच फुटून पीठ होतो आणि त्याचा जोर जातो.

पेढीवाले पुष्कळदा "माल पोहोच" असा एकच दर देतात, त्यात भाडे लपून जाते. गोदामावरचा दर आणि आपल्या गेटवरचा दर वेगवेगळा लिहून मागावा, म्हणजे बचत खरी किती ते कळेल. आणि मागणीपत्रावर भांडारपालाने दोन गोष्टी लिहिल्याशिवाय खरेदी समितीने सही करू नये : हा माल किती दिवसांत संपेल, आणि गाळप बंद व्हायला किती दिवस आहेत.

वार्षिक अहवालात ३१ मार्चला भांडारात काय शिल्लक, तो आकडा असतो. आपण सारे साखरेचा उतारा पाहतो आणि पान उलटतो. यंदा सभेत त्या आकड्यातले गंधक किती आणि कॉस्टिक किती, एवढे विचारावे.