विश्लेषण : दोनशे रुपयांचा अमेरिकी ईटीएफ दोनशे तीसला का विकला जातो?

अमेरिकेतल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये आपलेही थोडे पैसे असावेत, असे वाटणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्यासाठी परदेशात खाते उघडावे लागत नाही. नॅसडॅक १०० किंवा एस अँड पी ५०० या निर्देशांकांवर चालणारे ईटीएफ आपल्याच शेअर बाजारात सूचिबद्ध आहेत. नेहमीच्या डीमॅट खात्यातून, रुपयांत, एक युनिटही घेता येते. सोय उत्तम आहे. फक्त मोबाइलवर जो भाव दिसतो, तो अनेकदा त्या युनिटमधल्या मालाचा भाव नसतो, आणि ‘खरेदी’चे बटण दाबणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते.

ईटीएफच्या एका युनिटमागे जे शेअर असतात त्यांची किंमत, म्हणजे एनएव्ही, समजा २०० रुपये आहे. बाजारात मात्र ते युनिट २३० रुपयांना विकले जात आहे. वरचे ३० रुपये हा प्रीमियम. ॲपल किंवा मायक्रोसॉफ्टच्या एका पैशाचीही मालकी त्यातून मिळत नाही. ते युनिट ज्याने तुम्हाला विकले, त्या दुसऱ्या भारतीय गुंतवणूकदाराच्या खिशात हे पैसे जातात. १५ टक्के हा आकडा मी हिशेबासाठी घेतला आहे. पण एप्रिल २०२४ नंतर काही परदेशी ईटीएफमध्ये दोन अंकी टक्क्यांचा प्रीमियम प्रत्यक्षात दिसलेला आहे.

हा फरक पडतोच कसा?

एरवी पडत नाही. बाजारातला भाव एनएव्हीच्या वर जाऊ लागला की मार्केट मेकर म्हणवणाऱ्या संस्था फंड घराण्याकडे पैसे देऊन नवी युनिट तयार करून घेतात आणि बाजारात विकतात. पुरवठा वाढतो, भाव खाली येतो. भाव एनएव्हीच्या खाली गेला तर त्या बाजारातून युनिट घेऊन फंड घराण्याला परत करतात. पाण्याची पातळी राखणारा दुहेरी व्हॉल्व्हच म्हणा ना.

परदेशी ईटीएफच्या बाबतीत या व्हॉल्व्हची एक बाजू बंद झाली आहे. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे गुंतवायचे यावर ७ अब्ज डॉलरची कमाल मर्यादा आहे. परदेशी ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या योजनांसाठी १ अब्ज डॉलरची वेगळी मर्यादा आहे. पहिली मर्यादा भरत आल्यावर २०२२ च्या सुरुवातीला ‘सेबी’ने नवे पैसे घेणे थांबवायला सांगितले. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये, जेवढी जागा मोकळी होईल तेवढीच वापरायची मुभा दिली. दुसरी मर्यादा भरत आल्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून त्या योजनांचेही दार लोटले गेले.

नवे पैसे परदेशात पाठवता येत नाहीत म्हणजे नवी युनिट तयार होत नाहीत. जी आहेत तीच हातोहात फिरतात. अमेरिकी बाजार तेजीत आला की घेणारे वाढतात, युनिट तेवढीच राहतात आणि भाव एनएव्हीला सोडून वर जातो. युनिट परत करण्याची बाजू चालू असल्यामुळे भाव फार खाली जाऊ शकत नाही, वर मात्र जाऊ शकतो.

एक लाखाचा हिशेब

समजा एखाद्याने २३० रुपये भावाने ४३५ युनिट घेतली. खर्च १,००,०५० रुपये. हातात आलेला माल मात्र ८७,००० रुपयांचा. वर्षभरात निर्देशांक डॉलरमध्ये १० टक्के वाढला आणि डॉलर रुपयाच्या तुलनेत ३ टक्के महाग झाला. एनएव्ही २०० वरून २२६ रुपये ६० पैशांवर गेली, म्हणजे १३ टक्क्यांची वाढ. कुणालाही समाधान वाटावे असा हा परतावा आहे.

आता त्याच वर्षात मर्यादा वाढली आणि प्रीमियम विरून गेला असे धरा. ४३५ युनिटचे ९८,५७१ रुपये येतील. निर्देशांक बरोबर ओळखला, डॉलरही बाजूने राहिला आणि तरीही दीड हजाराचा तोटा. प्रीमियम १५ टक्क्यांवरच टिकला तर मात्र तीच युनिट १,१३,००० रुपयांच्या वर जातील. म्हणजे निकाल अमेरिकेतल्या कंपन्यांवर कमी आणि मुंबई-दिल्लीतल्या एखाद्या परिपत्रकावर अधिक अवलंबून आहे. परदेशी गुंतवणूक करायची ती एका देशावरची भिस्त कमी करायला, हे लक्षात घेतले तर यातली गंमत कळेल.

फरक ओळखायचा कसा? फंड घराण्याच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिवसभर iNAV हा आकडा दिसतो. त्या क्षणाची ती अंदाजे एनएव्ही. ऑर्डर टाकण्याआधी चालू भावाशी तिची तुलना करावी. एक बारकावा आहे. आपला बाजार चालू असतो तेव्हा अमेरिकेत रात्र असते. त्यामुळे iNAV मध्ये शेअरचा भाव आदल्या रात्रीचा असतो, तर आपल्याकडचे खरेदीदार पुढच्या सत्राचा अंदाज धरून बोली लावतात. म्हणून टक्का-दीड टक्क्याचा फरक एखाद्या दिवशी दिसला तर घाबरायचे कारण नाही. आठवडाभर रोज पाहिले आणि फरक पाच, आठ, बारा टक्क्यांवर ठाण मांडून असला, तर ती टंचाई आहे. अशा वेळी ‘मार्केट ऑर्डर’ तर टाकूच नये.

ज्यांच्याकडे ही युनिट आधीपासून आहेत त्यांच्यासाठी मात्र हीच टंचाई संधी आहे. २०० चा माल २३० ला घेणारा समोर उभा आहे.

रुपयाचे काय?

रुपया घसरतच असतो, त्यामुळे डॉलरमधली गुंतवणूक दरवर्षी तीन-चार टक्के फुकट देते, असे समाजमाध्यमांवर सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. २०२२ मध्ये नॅसडॅक १०० डॉलरमध्ये सुमारे ३३ टक्के कोसळला. त्याच वर्षात डॉलर ७४ रुपयांवरून ८३ च्या जवळ गेला, त्यामुळे भारतीय गुंतवणूकदाराचे नुकसान रुपयांत साधारण २५ टक्क्यांवर थांबले. उशी मिळाली, पण पडायचे ते पडलेच. उलट २००७ मध्ये डॉलर ४४ रुपयांवरून ३९ च्या आसपास आला होता. त्या वर्षी अमेरिकी शेअरवर मिळालेला फायदा रुपयाने खाऊन टाकला असता. ज्याला पाच-सात वर्षांनी मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी डॉलरच लागणार आहेत, त्याच्यासाठी हा चढ-उतार फारसा धोका नाही. ज्याचा सगळा खर्च रुपयांत आहे, त्याच्यासाठी तो आहे.

थेट पैसे पाठवले तर?

दुसरा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेचा. त्यात प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि परदेशी दलालाकडून थेट शेअर किंवा ईटीएफ घेता येतात. गिफ्ट सिटीमार्फत गेलात तरी पैसे याच मर्यादेतून जातात. इथे प्रीमियमची भानगड नाही. मात्र बँकेचे पाठवणी शुल्क आणि डॉलरच्या दरातला फरक असतो. लाखभर रुपये एकदम पाठवले तर हा खर्च साधारणपणे दोन-तीन टक्क्यांत बसतो. महिन्याला दोन हजार पाठवणाऱ्याचे मात्र त्यात कंबरडे मोडते.

वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १४ लाख पाठवले तर ४ लाखांवर ८० हजार. हा वेगळा कर नाही. विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. तोवर पैसे अडकून पडतात, एवढेच.

करात दोन्ही मार्ग आता बरेच जवळ आले आहेत. सूचिबद्ध ईटीएफ १२ महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के. परदेशी शेअर आणि फंड ऑफ फंड यांना त्यासाठी २४ महिने थांबावे लागते. त्याआधी विकले तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. भारतीय शेअरवरच्या नफ्याला सव्वा लाखापर्यंत जी सूट मिळते, ती इथे नाही. आणि नफा रुपयांत मोजला जातो. १०० डॉलरचा शेअर डॉलर ७५ ला असताना घेतला आणि ९० ला असताना १०० डॉलरलाच विकला, तर डॉलरमध्ये शून्य कमाई असूनही १,५०० रुपयांच्या नफ्यावर कर लागतो.

थेट मार्गाचे खरे ओझे कागदपत्रांचे आहे. विकले काहीच नसले तरी परदेशी मालमत्तेचा तक्ता विवरणपत्रात दरवर्षी भरावा लागतो, तोही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा. आयटीआर-१ चालत नाही. अमेरिकेत लाभांशातून २५ टक्के आधीच कापले जातात, त्याची वजावट इथे वेगळा फॉर्म भरून मागावी लागते. शिवाय अमेरिकेतली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर गेली आणि गुंतवणूकदाराचे निधन झाले, तर तिथला वारसा कर वारसांना लागू शकतो. भारतात सूचिबद्ध ईटीएफमध्ये यातले काहीच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या हातात भारतीय युनिट असते.

मर्यादा कुणासाठी?

७ अब्ज डॉलरचा आकडा २००८ सालचा आहे. तेव्हा देशातल्या म्युच्युअल फंडांकडे सुमारे ५ लाख कोटी रुपये होते. २०२५ मध्ये ते ७५ लाख कोटींच्या वर गेले. मर्यादा जागची हललेली नाही. परकीय गंगाजळी सांभाळायची हा हेतू समजण्यासारखा आहे, पण ज्याच्याकडे दोन कोटी आहेत त्याला एलआरएसमधून ते दरवर्षी नेता येतात आणि दोन हजारांची एसआयपी करणाऱ्याला दार बंद दिसते. मग तो बाजारात जाऊन दोनशेचा माल दोनशे तीसला घेतो. त्यातून देशाचा एक डॉलरही वाचत नाही, कारण ते डॉलर आधीच बाहेर गेलेले आहेत.

मर्यादा वाढवायची तर ती एका रात्रीत वाढवू नये, असे मला वाटते. नाहीतर प्रीमियम देऊन घेतलेल्यांचे एका सत्रात नुकसान होईल. दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात, आधी जाहीर करून ती वाढवता येईल. तोवर दलालांच्या ॲपवर ‘खरेदी’च्या बटणाशेजारी iNAV आणि प्रीमियमची टक्केवारी दाखवणे ‘सेबी’ सक्तीचे करू शकते. आकडा रोज तयार होतोच आहे. तो फक्त ग्राहकाच्या पडद्यावर आणायचा आहे.