ऐंशीची रेघ

भाच्याने बोनसचे पैसे एका ऑल्टकॉइनमध्ये घातलेत. नाणं वर चाललंय, आणि मनी फ्लो इंडेक्स ८० च्या वर गेला म्हणून साहेबांना आजच सगळं विकायचंय. माझं मत उलटं आहे. नुसतं ८० पाहून विकू नये.

हा आकडा येतो कुठून ते बघा. दिवसाचा सर्वात वरचा, सर्वात खालचा आणि बंद भाव यांची सरासरी काढायची आणि तिला त्या दिवशी किती नाणी विकली गेली त्या संख्येने गुणायचं. सरासरी कालच्यापेक्षा वर असेल तर ती रक्कम आवक, खाली असेल तर जावक. चौदा दिवसांच्या आवक-जावकेच्या बेरजेत आवक किती टक्के, तोच हा इंडेक्स. म्हणजे ८० चा अर्थ एवढाच, की बहुतेक पैसा भाव चढत्या दिवशी फिरला. चढत्या नाण्यात दुसरं काय होणार? तेजी जोरात असली की आकडा दिवसेंदिवस तिथेच ठाण मांडून बसतो.

थकवा दिसतो तो दुसऱ्या शिखरावर. समजा, भाव १० रुपये असताना आवक ९० लाख, जावक १० लाख, इंडेक्स ९०. मग भाव थोडा उतरला आणि पुन्हा चढून १२ झाला, पण आता आवक ६६ लाख, जावक ३४. भाव नव्या उंचीवर आणि इंडेक्स ६६! म्हणजे मधल्या उतरत्या दिवसांत बराच माल विकला गेलाय, आणि नव्या चढाईमागे तेवढा पैसा नाही. थोडा माल काढायचा तर इथे.

पण इथेही एक फसगत आहे. पहिल्या ९० लाखांतले ४० लाख एकाच दिवसाचे असतील, तर तो दिवस चौदाच्या बाहेर गेला की उरतात ५० आणि १०. इंडेक्स ८३ वर येतो, बाजारात काही न घडता. म्हणून आकडा घसरला की आधी पंधरा दिवसांपूर्वी काय झालं होतं ते पाहावं. खोटी घंटा आपल्याकडे महागही पडते. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा त्यातून वजा होत नाही.

आणि उलाढालच बनावट असेल तर? स्वतःच विकायचं, स्वतःच घ्यायचं, असले उद्योग या धंद्यात चालतात. बिटवाइजने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाला सादर केलेल्या विश्लेषणात बिटकॉइनची जाहीर होणारी ९५ टक्के उलाढाल खोटी असल्याचं म्हटलं होतं. बिटकॉइनची ही कथा, मग छोट्या नाण्यांचं काय बोलावं! भाव जेमतेम पैशाने वर असला तरी त्या दिवसाची अख्खी बनावट उलाढाल आवकेत जमा होते. त्यामुळे मी तेच नाणं दोन-तीन एक्स्चेंजवर पाहतो. एकीकडे इंडेक्स ८५ आणि बाकीकडे ५५ असेल, तर ८५ वाल्याचा आलेख सरळ बंद करतो.